‘तहकूब’ आणि ‘स्थगित’ यांत एक रात्र जाते: वकिलांचा मेल अशिलासाठी मराठीत आणताना

प्रश्न: काकूंचा जागेच्या हद्दीचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. वकीलसाहेबांचा इंग्रजी मेल मी त्यांना मराठीत करून देतो. मागच्या वेळी ‘सुनावणी १८ जुलैपर्यंत स्थगित’ असं लिहिलं आणि काकू रात्रभर जाग्या राहिल्या. माझं कुठे चुकलं?

एका शब्दात चुकलं. ‘स्थगित’ म्हटलं की कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला ‘स्थगिती’ ऐकू येते, आणि स्थगिती म्हणजे स्टे. काकूंच्या बाजूने ‘जैसे थे’चा हुकूम आहे. त्यामुळे समोरच्यांनी जाऊन त्यालाच स्थगिती आणली, असं त्यांना वाटलं असणार. मेलमधल्या ‘ॲडजर्न्ड’साठी न्यायालयीन मराठीत ‘तहकूब’ हा शब्द आहे. तो जड वाटत असेल तर ‘पुढची तारीख पडली’ एवढं पुरतं. कोर्टाच्या आवारात सगळे तेच बोलतात.

तुम्ही मेलचा मजकूर पाठवलात हे बरं केलंत, कारण त्यात आणखी दोन अडचणीच्या जागा आहेत. पहिली अशी, की समोरच्या बाजूने निशाणी ५ वर ‘से’ दाखल करायला वेळ मागितला. हा ‘से’ म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं. निशाणी ५ हा आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांत बहुतेक वेळा तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो. तुम्ही ‘पाचव्या पुराव्यावर सुनावणी’ असं लिहिलंत, तेव्हा आधीचे चार पुरावे कुठले आणि ते कधी झाले, हा प्रश्न काकूंना पडणारच. निशाणी हा फक्त प्रकरणातल्या कागदावर पडलेला क्रमांक आहे. त्यामुळे क्रमांक बाजूला ठेवून अर्ज कशाचा आहे ते लिहावं.

दुसरी जागा जास्त नाजूक आहे. अंतरिम हुकूम, म्हणजे तोच ‘जैसे थे’चा, ‘टिल नेक्स्ट डेट’ चालू राहील, असं मेलमध्ये आहे. तुम्ही ‘फक्त १८ जुलैपर्यंत’ लिहिलंत. मेलमध्ये ‘फक्त’ नाही. तो शब्द तुमच्या हातून आला आणि त्याने अर्थ फिरवला, कारण ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १९ तारखेची सकाळ येते. उलट ‘पुढेही चालू राहील’ असं लिहिणंही चूक ठरेल, कारण तसं आश्वासन वकिलांनी दिलेलं नाही. खरं ते एवढंच: १८ तारखेपर्यंत हुकूम लागू आहे, आणि तो वाढवायचा की नाही हे त्या दिवशी न्यायालय ठरवेल.

आता क्रमाकडे बघू. वकील मेल लिहितात तो त्या दिवशी कोर्टात जसं घडलं त्या क्रमाने. धास्तावलेला माणूस मात्र एकच गोष्ट शोधत असतो: माझं काही गेलं का? ते वाक्य चौथ्या ओळीत असेल तर आधीच्या तीन ओळी तो वाचतो, पण त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून अशिलासाठीच्या मजकुरात मी क्रम बदलते. मजकूर बदलत नाही, एकही गोष्ट गाळत नाही. न्यायालयात दाखल करायचा अनुवाद असता तर मी वाक्याची जागाही हलवली नसती, पण हा कागद घरी वाचायचा आहे. तुमच्या मेलवरून मी असं लिहिलं असतं:

> काकू, २० जूनच्या तारखेला कोणताही निकाल झालेला नाही. ‘जैसे थे’चा हुकूम १८ जुलैपर्यंत लागू आहे. तोवर हद्दीवर दोन्ही बाजूंनी कोणतंही काम करायचं नाही, म्हणजे त्यांनी भिंत बांधायची नाही आणि आपणही कुंपण घालायचं नाही. १८ जुलैला हा हुकूम वाढवायचा की नाही, ते न्यायालय ठरवेल.
>
> तारीख पुढे गेली ती समोरच्यांनी वेळ मागितल्यामुळे. आपण तात्पुरत्या मनाईसाठी केलेल्या अर्जावर त्यांना लेखी म्हणणं द्यायचं आहे. १८ जुलैला तुम्ही कोर्टात यायची गरज नाही, असं वकीलसाहेबांनी लिहिलं आहे.
>
> आपल्याकडून १० जुलैपर्यंत, १० तारीख धरून, चार गोष्टी वकीलसाहेबांकडे पोहोचायला हव्यात. त्यांची यादी वेगळ्या कागदावर देतो.

‘आपणही कुंपण घालायचं नाही’ हे तुमच्या मराठीतून गळलं होतं. मेलमध्ये हुकूम दोन्ही पक्षांवर असल्याचं स्पष्ट आहे. काकूंनी भाबडेपणाने दोन खांब रोवले असते, तर हुकूम मोडल्याचा आरोप त्यांच्यावरच आला असता.

प्रश्न: कागदपत्रांच्या यादीत सर्टिफाइड कॉपी, ट्रू कॉपी, अटेस्टेड, नोटराइज्ड असे चार शब्द येतात. मी सगळीकडे ‘साक्षांकित प्रत’ लिहितो. चालेल ना?

चालणार नाही, कारण या चार शब्दांमागे चार वेगळ्या खेपा आहेत. सर्टिफाइड कॉपी म्हणजे मूळ कागद ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, त्यानेच सही-शिक्क्यानिशी दिलेली नक्कल. फेरफाराची नक्कल हवी असेल तर अर्ज करून ती काढावी लागते, घरच्या झेरॉक्सवर कोणाचा शिक्का मारून भागत नाही. ट्रू कॉपी म्हणजे ‘मूळाबरहुकूम खरी प्रत’ असा शेरा मारलेली प्रत. अटेस्टेड म्हणजे कोणीतरी मूळ कागद पाहून प्रतीवर सही केलेली, आणि सेल्फ-अटेस्टेड असेल तर ती सही आपली स्वतःचीच. नोटराइज्ड हा शब्द बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्राला लागतो: नोटरीसमोर जाऊन, शपथेवर सही.

म्हणून यादीत मी नुसतं नाव लिहीत नाही. कागद कोणता, तो कुठून मिळेल, मूळ द्यायचा की प्रत, आणि त्यावर सही कोणी व कुठे करायची, एवढं प्रत्येक ओळीत लिहिते. ‘मूळ खरेदीखत फक्त दाखवण्यासाठी, सोबत झेरॉक्स’ आणि ‘मूळ खरेदीखत द्या’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मेलमध्ये ‘फॉर इन्स्पेक्शन’ असेल तर ते मराठीत आलंच पाहिजे, नाहीतर म्हातारं माणूस मूळ कागद हातचा जाईल या भीतीने तो घराबाहेरच काढत नाही.

प्रतिज्ञापत्राच्या बाबतीत आणखी एक. मेलमध्ये मसुदा जोडलेला असतो आणि ‘सही नोटरीसमोर’ असं लिहिलेलं असतं. पण अशील घाईने घरीच सही करून बसतं आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. ‘आत्ता सही करू नका’ हे वाक्य ठळक अक्षरांत, यादीच्या डोक्यावर द्या. मसुदा इंग्रजीत असेल तर सहीआधी तो अशिलाला मराठीत पूर्ण वाचून दाखवला पाहिजे. शपथ त्या मजकुरावर घेतली जाते, तुमच्या सारांशावर नाही.

आजकाल यादीत ‘कलम ६३चं सर्टिफिकेट’ही दिसतं. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. सीसीटीव्हीचं चित्रण किंवा मोबाइलवरचे संदेश अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र जोडायचं, ते पूर्वी कलम ६५-ब खाली होतं, आता ६३ खाली आहे. ‘६३चं प्रमाणपत्र आणा’ असं लिहिलं की अशील तलाठी कार्यालयापासून सेतू केंद्रापर्यंत हिंडून येतं. ते कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचा नमुना आहे: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. म्हणून मराठीत असं लिहा: ‘चित्रण ज्या यंत्रात साठवलं आहे ते तसंच ठेवा, काही पुसू नका. प्रमाणपत्राचा नमुना वकीलसाहेब देतील.’ अर्थात, हे दुसरं वाक्य वकिलांना विचारून मगच.

प्रश्न: काकूंना रक्तदाबाचा त्रास आहे. मेलच्या शेवटी ‘कागद वेळेत न आल्यास न्यायालय पुढील कार्यवाही करू शकते’ असं आहे. ही ओळ गाळली तर काय बिघडेल?

१० तारीख बिघडेल. ती ओळ नसली की बाकीची यादी ‘सवडीने करा’ अशी वाचली जाते. ओळ ठेवा, पण इंग्रजीतला ‘मे’ मराठीत नीट उतरवा. तो ‘करील’ नाही, ‘करू शकेल’ आहे. तुमच्या मसुद्यात ‘न्यायालय एकतर्फी निकाल देईल’ असं आहे. मेलमध्ये ‘एकतर्फी’ही नाही आणि ‘देईल’ही नाही. भीती गाळण्याआधी आपण घातलेली भीती काढून टाकावी.

धीर द्यायचा असेल तर तोही मजकुरातूनच मिळतो. वकिलांनी तारखेच्या आठ दिवस आधीची मुदत दिली आहे. कागदांची यादी करणं, प्रती काढणं आणि समोरच्या वकिलांना त्यांचा संच देणं, या कामांना वेळ लागतो. काकूंना हे सांगा. वकिलांची मुदत आणि कोर्टाची तारीख वेगवेगळी आहे, हे कळल्यावर माणूस बराच सैल होतो.

प्रश्न: तारीख ‘सब्जेक्ट टू कॉस्ट्स’ दिली, असं मेलमध्ये आहे. हा खर्च आम्ही भरायचा का?

सुरुवातीच्या काळात मीही याचं भाषांतर ‘खर्चाच्या अधीन’ असं केलं होतं. ज्यांच्यासाठी केलं त्या बाई वकिलांच्या फीसाठी सोनं गहाण टाकायला निघाल्या होत्या, आणि भाचीने वेळेवर फोन केला म्हणून थांबल्या. इथे कॉस्ट म्हणजे तारीख मागणाऱ्याला न्यायालयाने भरायला लावलेली रक्कम, आणि ती सहसा दुसऱ्या बाजूला मिळते. म्हणून तारीख कोणी मागितली, हे आधी शोधा. इंग्रजी वाक्य ‘टाइम वॉज ग्रँटेड’ असं कर्त्याशिवाय उभं राहतं, मराठीत मात्र वाचणारा लगेच विचारतो, ‘कोणाला?’ मेलमधून ते कळत नसेल तर अंदाजाने कर्ता घालू नका, वकिलांना एका ओळीत विचारा. ‘फॉर कम्प्लायन्स’ दिसलं तरी हेच करा: पूर्तता कोणाची राहिली आहे? ती आपली असेल, तर ती ओळ यादीत सगळ्यात वर जायला हवी.

तारीख स्वतः ताडून पाहायची असेल तर ई-कोर्ट्सच्या सेवेवर प्रकरणाला मिळालेला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक घालून प्रकरणाची स्थिती दिसते. तिथली तारीख आणि मेलमधली तारीख जुळली नाही, तर दोन्ही तारखा वकीलसाहेबांना कळवा. अशिलाला एकच तारीख सांगायची, तीही खात्री झाल्यावर.

प्रश्न: भाषांतर केलेला मेल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर सगळ्यांना एकदमच कळेल. टाकू का?

टाकू नका. वकील आणि अशील यांच्यातल्या मजकुराला गोपनीयतेचं संरक्षण आहे, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने ते बंधन दुभाष्यांनाही लागू केलं आहे. पुरावा काय, कुठला कागद अजून हाती नाही, हे सगळं त्या मेलमध्ये असतं, आणि हद्दीच्या दाव्यात समोरची बाजू बहुतेक वेळा नात्यातलीच निघते. कागद अशिलाच्या हातात द्या, मोठ्या अक्षरांत छापून. घरच्यांना काय सांगायचं ते अशीलच ठरवेल.