आधी आकडा बघा, मग डेड झोन ठरवा

प्रश्न: उजवी स्टिक सोडली तरी कॅमेरा डावीकडे सरकतो. डेड झोन वाढवला की कॅमेरा जड वाटतो. सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

सेन्सिटिव्हिटीला आत्ता हातच लावू नका. तो शेवटचा उपाय आहे. आधी डेड झोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही ती, नीट ठरवा. याच गोष्टीवरून माझं आणि मामेभावाचं कितीदा तरी वाजलंय. गेल्या उन्हाळ्यात तो कंट्रोलर घेऊन आमच्याकडे नागपूरला आला, तेव्हा त्याचाही कॅमेरा असाच सरकत होता. सीताबर्डीतल्या दुकानात त्याला नवाच घ्या म्हणून सांगितलं होतं. त्याचं स्वतःचं म्हणणं होतं, "अबे, डेड झोन 25 टाक अन् सेन्सिटिव्हिटी फुल कर, झालं!"

मी ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर उघडला. तिथे स्टिकची जागा -1 ते 1 अशा आकड्यात दिसते. चारही बाजूंना स्टिक पूर्ण ढकलून एकदम सोडून पाहिली, कारण झिजलेली स्टिक दरवेळी एकाच जागी परतत नाही. उजवीकडून सोडली की -0.03 वर थांबायची, डावीकडून सोडली की -0.09 वर. सर्वांत वाईट आकडा 0.09, म्हणून डेड झोन 11 टक्के केला. सरकणं तिथेच थांबलं. मग 25 कशाला? तेवढ्यात स्टिकची पहिली पाव वाट मेलेली राहते, आणि वर सेन्सिटिव्हिटी फुल असेल तर उरलेल्या वाटेत कॅमेरा उसळ्या मारतो. निशाणा लागणार कसा?

जडपणाचं कारण वेगळंच निघालं. डावीकडे पूर्ण ढकलली की आकडा -1.00 पर्यंत जायचा, उजवीकडे मात्र 0.93 ला अडकायचा. म्हणजे उजवीकडे कॅमेऱ्याला पूर्ण वेग कधी मिळतच नव्हता. बाहेरचा डेड झोन 8 टक्के केला, म्हणजे शेवटच्या 8 टक्क्यांत पोचताच स्टिक पूर्ण ढकलली असं धरलं जातं, आणि दोन्ही बाजू सारख्या वळायला लागल्या. त्या दिवशी भाऊ गप्प बसला, पण मान्य त्याने अजून केलेलं नाही.

स्टीममधून खेळत असाल तर तिथला डेड झोन आणि गेमचा डेड झोन दोन्ही चालू असू शकतात, आणि मग सुरुवातीची हालचाल दोनदा कापली जाते. एकीकडचा शून्य करा. स्टिक किती ढकलली की कॅमेरा किती वेगाने फिरेल हे ठरवणारा कर्व्ह आधी लिनियरवर ठेवा. एक्स्पोनेन्शियलमध्ये स्टिक मध्याजवळ असताना कॅमेरा मुद्दाम हळू फिरतो, आणि लोक त्यालाच जडपणा समजतात. एवढं करूनही हळू वाटलं तरच सेन्सिटिव्हिटी एकेक घर वाढवा.

काही गेममध्ये स्लायडरवरचा 11 म्हणजे खरे 11 टक्के नसतात, तिथे कॅमेरा थांबेपर्यंत एकेक पाऊल वाढवत जा. आणि स्टिकला हात न लावताही आकडा 0.05 वरून 0.30 वर उड्या मारत असेल, तर स्टिकची जागा मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर बहुधा झिजलाय. तिथे सेटिंगचा उपयोग नाही. सोल्डरिंग येणाऱ्याकडून स्टिकचं मोड्यूल बदलून घ्या, जमलं तर चुंबकाने जागा मोजणारं हॉल इफेक्टचं. त्याच्या सेन्सरमध्ये घासणारा भाग नसतो.