जिनिंगमधले व्हीलॅन: आधी एवढंच

भाऊ, दोनच व्हीलॅन कर: ऑफिसला १०, प्लांटला २०. पीएलसी, एचएमआयचे पोर्ट अ‍ॅक्सेस मोडमध्ये २० ला टाक. दोन स्विचमधली केबल तेवढी ट्रंक. तिच्या दोन्ही टोकांना दोन्ही नंबर हवेत. एका टोकाला २० टाकायचा राहिला की प्रेसचा एचएमआय मुका.

नवखे फसतात ते पुढे. व्हीलॅन होतात, पण राउटर दोन्हींमधली वाट मोकळीच ठेवतो. अकाउंटच्या पीसीवरून पीएलसीला `ping` कर. उत्तर आलं तर काहीच वेगळं झालं नाही. नाही आलं तरी भुलू नको, पीएलसीत गेटवे भरलेला नसेल. फायरवॉलमध्ये १० कडून २० कडे सगळं बंद कर, मग लागेल तेवढंच उघड.

आणि सेव्ह कर बापा! आमच्याकडे लाइट गेली अन् सगळी सेटिंग गायब. सिस्कोवर `write memory` मारायचं राहिलं होतं.