घाणामृत, आठ हजार आणि आमचे दाजी

प्रश्न: नेमिंग कन्सल्टंटने आमच्या मसाल्यासाठी पाच नावं दिलीत, एकही पटलं नाही. अर्धे पैसे देऊन झालेत. त्यांना न दुखावता नकाराचं पत्र कसं लिहावं?

दुखावले तर दुखावू द्या. मी न दुखावता लिहिलं होतं, ते मला 8 हजारांना पडलं.

उदगीरला आमचा लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा, थोडं जवस. वडिलांच्या काळात लोक आपलं बी घेऊन यायचे, तेल न्यायचे, पेंड न्यायचे. नावाची गरजच नव्हती, 'घाण्यावर जाऊन येतो' म्हटलं की झालं. मी बाटल्या भरून लातूर, नांदेड आणि पलीकडे भालकी, बीदरला पाठवायला लागले तेव्हा लेबलवर काय छापायचं हा प्रश्न आला. पुण्याच्या दाजींनी त्यांच्या ओळखीचा कन्सल्टंट गाठून दिला. 40 हजार फी, अर्धी आधी, नावांच्या दोन फेऱ्या.

पहिली यादी आली. मला पटली नाही, पण दाजींचा माणूस म्हणून व्हॉट्सॲपवर लिहिलं, "छान आहेत सर, फक्त थोडं अजून आपलं वाटेल असं हवं." आता 'आपलं' म्हणजे काय हे त्या पुण्याच्या पोराने कसं ओळखावं? त्याला वाटलं, आणखी संस्कृत हवंय. दहा दिवसांनी दुसरी यादी आली ती पहिलीपेक्षा जड, आणि करारातल्या दोन्ही फेऱ्या संपल्या.

मग मी पत्र लिहायला बसले. त्याआधी एक काम केलं, ते तुम्हीही करा. दुसऱ्या यादीतली पाचही नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचायला लावली. अर्थ विचारला नाही, आवडलं का तेही विचारलं नाही. नुसतं वाचा, आणि हे कशाचं नाव असेल ते सांगा, एवढंच. पत्राचा मधला भाग त्यातूनच निघाला. जसाच्या तसा देते.

"सर, पाचपैकी एकही नाव मी घेणार नाही. तुमची मेहनत दिसते, पण पुढच्या कामासाठी प्रत्येकाचं कारण तुमच्याकडे असलेलं बरं.

घाणामृत: इंग्रजी अक्षरांत वाचणाऱ्या चौघांपैकी तिघे 'घाण' म्हणून थांबले. एक बाई हसल्या. खायच्या तेलाच्या बाटलीवर पहिले दोन उच्चार 'घाण' नकोत.

करडी: आम्ही करडईला करडीच म्हणतो, म्हणून जवळचं वाटलं. पण मालाचंच नाव ब्रँडला दिलं तर त्यावर हक्क सांगता येत नाही, ट्रेडमार्कच्या कायद्यात कलम 9 मध्ये तेच आहे. शिवाय शेंगदाण्याच्या बाटलीवर काय लावू? आणि भालकीच्या दुकानदाराने सांगितलं, कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल. ते करडईला कुसुबे म्हणतात.

शुद्धस्पर्श: अन्नसुरक्षेच्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' अशा शब्दांवर बंधन आहे. ब्रँडच्या नावातला असा शब्द दिशाभूल करू शकत असेल, तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाची ओळ निदान 3 मिलिमीटरच्या अक्षरांत छापावी लागते. माझ्याच बाटलीवर माझं तेल शुद्ध असेलच असं नाही, हे मी छापू?

ओलिया: दोघांनी 'अवलिया' वाचलं. ट्रेडमार्कच्या क्लास 29 मध्ये खाद्यतेलं येतात, तिथे फोनेटिक शोध घेतला तर उच्चाराने जवळची दोन नावं आधीच आहेत.

आजोळ: हे मला आवडलं. घाण्यावर बसून तेल निघायची वाट बघणाऱ्या बायकांना हेच वाटत असेल. पण ऑर्डरी व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत येतात, तिथे ळ टिकत नाही, सगळे 'अजोल' वाचतात. अर्थ हाच ठेवून ळ, ण नसलेलं काही सापडेल का?"

बस. आवड-नावड फक्त शेवटच्या नावात आहे, आणि तीसुद्धा पुढे काय शोधायचं ते सांगण्यापुरती. 'मजा येत नाही' या वाक्यावर नावं देणारा माणूस काही करू शकत नाही. 'इंग्रजीत ळ टिकत नाही' यावर करू शकतो. आणखी एक, माझ्या मनातलं नाव मी पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. मालकाने नाव सुचवलं की पुढची सगळी यादी त्याच नावाची भावंडं होऊन येते.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी पोराचा फोन आला. चिडला नव्हता. म्हणाला, मॅडम, भालकीला माल जातो हे ब्रीफमध्ये नव्हतं. खरंच नव्हतं. ब्रीफच्या फॉर्मवर मी 'मॉडर्न पण पारंपरिक' एवढंच लिहून दिलं होतं, तुम्ही काय लिहिलंय ते आज काढून बघा. त्याने जादा फेरीचे 8 हजार सांगितले, मी दिले. तिसऱ्या यादीत तीनच नावं होती, त्यातलं एक घेतलं.

दाजींचं म्हणणं आजही तेच आहे की 8 हजार माझ्या पत्रामुळे गेले. "मी लावून दिलेल्या माणसाचा तू पंचनामा केलास, मग त्याने वसूल केले." दिवाळीला हेच, ताईच्या घरच्या वास्तूला हेच. दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, ताई तुम्हाला पाठवेलच. 8 हजार पत्राने नाही गेले, त्या 'छान आहेत सर' ने गेले. तो मेसेज तुमच्या भिडेपोटी लिहिला होता. हेच पत्र पहिल्या यादीला गेलं असतं तर दुसरी फेरी करारातलीच होती, फुकटात झाली असती. आणि घाणामृत तुम्हाला अजून आवडतं ना? मग ताईला डब्यावर लिहून स्वयंपाकघरात ठेवायला सांगा.

तुमचं उरलेल्या अर्ध्या पैशांचं राहिलंच. करार बघा. फी नाव पसंत पडण्याची ठरली आहे की यादी देण्याची? बहुतेक ठिकाणी यादी देण्याचीच असते. तसं असेल तर मुकाट्याने द्या, पत्रात पैशाचा विषय काढू नका, नाहीतर तुमची सगळी कारणं पैसे बुडवायचे बहाणे वाटतील. मसाला क्लास 30 मध्ये येतो, शोध तिथे घ्या, 29 मध्ये नाही. आणि हो, माझा माणूस ऐकणारा निघाला. तुमचा नसेल तर एवढं मोठं पत्र लिहून उपयोग नाही, दोन ओळींत नकार कळवा.

घेतलेलं नाव विचारू नका. ट्रेडमार्कचा अर्ज केलाय, छोट्या व्यवसायाला ऑनलाइन 4,500 रुपये पडतात. जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीचे चार महिने जातील, मग सांगेन. दाजींनाही तेव्हाच.