पहिला प्रोजेक्ट प्रश्नमंजुषेचा का करावा

“मॅडम, मी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोरी फाईल उघडली की एक ओळ सुचत नाही. पहिला प्रोजेक्ट म्हणून कॅल्क्युलेटर करू, क्विझ करू की टू-डू लिस्ट? आणि हे तर सगळेच करतात, मग माझ्या करण्याला अर्थ काय?”

देवगडकडची ही मुलगी रत्नागिरीत हॉस्टेलवर राहून शिकते. भेटायला आली तेव्हा व्हिडिओ बघून केलेला एक कॅल्क्युलेटर तिच्या लॅपटॉपवर होता. मी तिला 12 + 7 करून बरोबरचं बटण दाबायला सांगितलं. 19 आले. मग म्हटलं, आता काही न पुसता 5 दाब. पडद्यावर 195 उमटलं. असं का झालं ते तिला सांगता येईना आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

दोष तिच्या बुद्धीचा नव्हता, निवडीचा होता. कॅल्क्युलेटर रोजच्या वापरातला, म्हणून सोपा वाटतो. पण त्याला पडद्यावर न दिसणाऱ्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: आधीची संख्या कोणती, कोणतं चिन्ह दाबलं, आणि आता येणारा आकडा जुन्या संख्येला जोडायचा की नवी संख्या सुरू करायची. व्हिडिओतल्या कोडमध्ये यातलं काहीच नव्हतं. बटणांवरची अक्षरं एकापुढे एक चिकटवून ती सगळी ओळ जावास्क्रिप्टच्या `eval` कडे दिली होती. उत्तर बरोबर यायचं, पण ते काढायचं काम तिच्या कोडने केलेलंच नव्हतं. नवशिक्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये मला हे इतक्या वेळा दिसतं की हल्ली मी 5 चं बटण आधी दाबून बघते.

म्हणून तिला म्हटलं, हा बाजूला ठेव आणि आधी प्रश्नमंजुषा कर. तिथे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच असतात, कितवा प्रश्न चालू आहे आणि गुण किती झाले. दोन्ही पडद्यावर दाखवता येतात, त्यामुळे चूक झाली की लगेच दिसते. विषय तिनेच निवडला, कोकणातले जलदुर्ग. सुट्टीत घरी येणारी चुलत भावंडं खेळतील, असं तिच्या मनात होतं.

पहिला प्रयत्न तिने बहुतेक जण करतात तसाच केला. प्रत्येक प्रश्नाला वेगळा `if`, त्यात प्रश्न, पर्याय आणि गुण वाढवायची ओळ. पाच प्रश्नांचं काम झालं. मग मी सहावा प्रश्न घालायला सांगितला, तर तिला चार ठिकाणी बदल करावे लागले आणि त्यातलं एक ठिकाण राहून गेलं. क्विझ नीट जमली आहे का, हे मी याच कसोटीवर ठरवते: चालणाऱ्या कोडला हात न लावता नवा प्रश्न घालता आला पाहिजे. त्यासाठी प्रश्न एकीकडे आणि ते विचारण्याची रीत दुसरीकडे ठेवावी लागते. मग तिने असं लिहिलं:

```javascript
const prashna = [
  { text: "सुवर्णदुर्ग कोणत्या गावाजवळ आहे?",
    paryay: ["मालवण", "हर्णै", "मुरुड"], barobar: 1 },
  { text: "सिंधुदुर्ग कोणत्या गावासमोर आहे?",
    paryay: ["मालवण", "हर्णै", "मुरुड"], barobar: 0 }
];
let kramank = 0;
let gun = 0;
```

यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून `barobar: 1` म्हणजे दुसरा पर्याय, हर्णै. उत्तर टाईप करून घेण्याऐवजी पर्यायांची बटणं ठेवायला मी सांगितलं. टाईप केलेल्या उत्तरात शेवटी एखादी मोकळी जागा राहिली तरी तुलना चुकते, आणि मुलाला वाटतं की आपल्याला किल्लेच माहीत नाहीत.

यानंतर जे दोन घोटाळे झाले, त्यांतच तिचं खरं शिक्षण झालं. पहिला शेवटच्या प्रश्नाला. उत्तर दिलं की पान गप्प बसायचं आणि कन्सोलमध्ये लाल ओळ यायची: `Cannot read properties of undefined (reading 'text')`. मी उत्तर सांगितलं नाही. `kramank` ची किंमत प्रत्येक क्लिकनंतर कागदावर लिहायला सांगितली. सहा प्रश्नांचे क्रमांक 0 ते 5. शेवटच्या उत्तरानंतर `kramank` 6 होतो आणि त्या जागी प्रश्नच नसतो. म्हणजे पुढचा प्रश्न दाखवण्याआधी `kramank === prashna.length` झालं का ते बघायचं, आणि झालं असेल तर गुण दाखवायचे. हे तिचं तिला सापडलं.

दुसरा घोटाळा तिच्या धाकट्या भावाने काढला. उत्तर बरोबर आलं की तो तेच बटण दोन-तीनदा दाबायचा आणि गुण प्रश्नांपेक्षा जास्त व्हायचे. उत्तर दिल्यावर पुढचा प्रश्न येईपर्यंत बटणं बंद ठेवायला हवीत, हे कुठल्या व्हिडिओत तिला सांगितलेलं नव्हतं. सगळेच करतात त्या प्रोजेक्टचा उपयोग काय, याला माझं उत्तर हेच आहे. मुलाखतीत क्विझ नवी आहे का असं फारसं कुणी विचारत नाही. हे बटण इथे बंद का केलं असं विचारतात, आणि ज्याने स्वतः केलंय तोच ते सांगू शकतो.

मग ती कॅल्क्युलेटरकडे परतली, पण सोळा बटणांच्या नव्हे. घरच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब करणारा, आकडे टाईप करायची दोन खोकी आणि एक बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर तिने केला. सकाळच्या 40 आणि दुपारच्या 25 पेट्या मिळवल्या तर उत्तर आलं 4025. खोक्यात टाईप केलेलं सगळं मजकूर म्हणून येतं, आणि दोन मजकुरांमध्ये `+` टाकलं की ते नुसते जोडले जातात. `Number()` मधून काढल्यावर 65 आले. गंमत म्हणजे `*` वापरलं असतं तर ही चूक दिसलीच नसती, कारण गुणताना जावास्क्रिप्ट मजकुराची संख्या आपणहून करून घेते. म्हणून पहिल्या कॅल्क्युलेटरची तपासणी बेरजेनेच करावी. हे कळल्यावर बटणांचा कॅल्क्युलेटर तिने `eval` शिवाय लिहायला घेतला. नवी संख्या सुरू करायची का, याची वेगळी खूण ठेवली आणि 195 चा प्रश्न मिटला.

टू-डू लिस्ट मी मुद्दाम शेवटी ठेवते. क्विझमध्ये प्रश्नांची यादी बदलत नाही. इथे वापरणारा ती सतत बदलतो, आणि कोडमधली यादी आणि पडद्यावरची यादी यांचा मेळ ठेवावा लागतो. तिने काम पुसायला क्रमांक वापरला होता. दुसरं काम पुसलं की तिसरं सरकून दुसऱ्या जागी यायचं, पण त्याच्या बटणाकडे जुनाच क्रमांक राहायचा. मग पुसायला जावं एक आणि जायचं भलतंच. प्रत्येक कामाला कधी न बदलणारा स्वतःचा `id` दिला की हे थांबतं.

साठवण त्याही नंतर. पान पुन्हा उघडलं की यादी गायब होते, म्हणून मुलं ब्राउझरच्या `localStorage` कडे धावतात. तिथे फक्त मजकूर राहतो. तिने यादी तशीच ठेवली आणि परत वाचली, तर कामांच्या जागी `[object Object]` आलं. ठेवताना `JSON.stringify` आणि वाचताना `JSON.parse` लागतं. ही यादी करणाऱ्यांना मी सांगते, आधी घालणं, पुसणं आणि झालं म्हणून खूण करणं एवढंच साठवणीशिवाय पक्कं करा. तिन्ही कामं उलटसुलट क्रमाने करून बघा, आणि मगच साठवणीची पहिली ओळ लिहा. नाहीतर चूक पुसण्यात आहे की साठवण्यात, हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.