दादाने देऊ केलेले २४ लाख घ्यावेत का?

"वडिलांचं दुमजली घर आम्हा तिघा भावंडांच्या नावावर आहे, समान हिस्से. दादा खाली राहतो, वरचा मजला त्याने भाड्याने दिलाय. दुरुस्तीही त्यानेच केली. माझ्या हिश्श्याचे २४ लाख पाच वर्षांत, वर्षाला एक हप्ता असे देतो म्हणतो. घराची किंमत ९० लाख निघाली आहे. घेऊ, की कोर्टात वाटणी मागू?"

आहे त्या स्वरूपात घेऊ नका, पण कोर्टाचीही घाई नको.

९० भागिले ३ म्हणून तुमचे ३० लाख झाले, असं मात्र धरू नका. आधी दादाचा खर्च दोन भागांत मांडा. छताची गळती आणि घरपट्टी हा टाळता न येणारा खर्च, तो तिघांचा. समजा तो ३ लाख आहे, म्हणजे तुमच्याकडून १ लाख येणं. नवीन फरशी आणि स्वयंपाकघर ही त्याची हौस. त्यावर त्याने ६ लाख घातले, तरी घराची किंमत त्यामुळे ३ लाखच वाढली असेल, तर साधारणपणे ३ लाखच त्याच्या खाती धरतात. उरलेल्या ८७ लाखांत तुमचे २९. त्यातून १ वजा, म्हणजे २८. आता वरच्या मजल्याचं भाडं. खर्च वजा जाता आजवर ६ लाख जमले असतील, तर त्यातले २ लाख तुमचे. हिशेब ३० लाखांवर येतो. दादा स्वतः राहतो त्याचं भाडं मागायचा मोह होईल, पण त्याने तुम्हाला घरात यायला अडवलं नसेल, तर ती मागणी बहुधा टिकत नाही.

कोर्टात गेलात तर? घराचे तीन स्वतंत्र भाग पडत नसतील, तर बहुधा विक्रीचाच मार्ग उरतो. वादातल्या घराला गिऱ्हाईक पाडून मागतं. खर्च जाऊन ७५ लाख हाती आले, तर याच हिशेबाने तुमच्या वाट्याला २५, आणि त्यातून वकिलाची फी व गेलेली वर्षं वजा.

म्हणून २४ हा आकडा वाईट नाही. वाईट आहेत ते हप्ते. ८ टक्के दर धरला, तर वर्षाअखेरीच्या पाच समान हप्त्यांची आजची किंमत १९ लाखांच्या आसपासच भरते. शिवाय दादाने मधेच हप्ते थांबवले, तर तुमच्या हाती काय तारण आहे?

मी तुमच्या जागी २७ लाख मागेन. निम्मे आता, उरलेले दोन वर्षांत व्याजासह, आणि तोवर त्या रकमेचा बोजा घरावर नोंदवलेला. आधी बिलं आणि भाड्याच्या नोंदी मागा, माझे वरचे आकडे त्यांनुसार बदलतील. मूल्यांकन तिघांना मान्य असलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि तुमच्यावर कर किती बसेल हे करार करण्यापूर्वी सल्लागाराला विचारा. हक्कसोडपत्रावर सही मात्र पहिली रक्कम खात्यात जमा झाल्यावर आणि बोजाचा दस्त तयार असतानाच करा.