गुणगुणणारे रिक्षावाले काका

"रिक्षा गर्दीत अडकली की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता जीव जातो असं वाटतं. डॉक्टरांनी इसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. रिक्षाने जाणंच सोडून देऊ का?"

सोडू नका. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंची गोष्ट सांगतो (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत).

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. नवी पेठेकडे जाताना रिक्षा गर्दीत रुतली. बाईंना दम लागला, बोटं वाकडी होऊ लागली. "थांबवा, उतरायचंय मला!" रिक्षावाले काका मघापासून विठ्ठलाचं नाव गुणगुणत होते. मागे वळून ते एवढंच म्हणाले, "उतरायचं असलं तर कडंला घेतो, अक्का. घाई नाही." आणि पुन्हा गुणगुणू लागले. उतरायची मोकळीक मिळाली आणि बाई उतरल्याच नाहीत. काकांच्या सुरामागोमाग त्यांचाही श्वास लांबत गेला. पाच-सात मिनिटांत मुंग्या ओसरल्या.

यात चमत्कार काही नाही. भीतीत आपण भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगरणं त्यामुळेच येतं. गुणगुणताना श्वास हळूहळूच सोडावा लागतो आणि लांब उच्छ्वासात हृदयाचे ठोकेही मंदावतात. शिवाय भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठून आपोआप उतरतो. गुणगुणणं नसतं तरी तो उतरलाच असता, थोडा उशिरा.

खरी गोची पुढे झाली. बाईंनी काकांचा नंबर घेतला आणि रोज त्यांचीच रिक्षा बोलावू लागल्या. आषाढीला काका पंढरपूरला गेले, तर बाईंनी शाळेला चक्क रजा टाकली! भीती गेली नव्हती, काकांच्या आडोशाला बसली होती. माझ्याकडे त्या आल्या त्या तेव्हा.

पहिल्या भेटीत मी त्यांना मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे करायचं नाही, आणि घरी एकट्याने तर नाहीच.) खुर्चीत बसल्या बसल्या त्याच मुंग्या आल्या. "अय्या, म्हणजे हे श्वासाचं होय!" मग रोज रिक्षाचा प्रवास, दर वेळी वेगळी रिक्षा. आधी सात रस्ता चौकापर्यंत, सकाळी गर्दी नसताना. आठवड्याने भर संध्याकाळी. सुरुवातीला गुणगुणायला परवानगी होती, नंतर मी तीही काढून घेतली. त्या रागावल्या माझ्यावर. पण धडधड चालू असताना काहीही न करता बसून राहिलं, तरच मेंदूला कळतं की ही धडधड जीवघेणी नाही.

मात्र दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, थंड घाम फुटला, शुद्ध हरपली किंवा चालताना छाती भरून आली, तर जुना इसीजी दाखवत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. टिळक चौकात अडकल्या होत्या. "धडधडतंय. रिक्षावाला फोनवर कुणाशी तरी भांडतोय," त्या म्हणाल्या, "आणि मी ऐकतेय."