परिच्छेद तिसरा: ‘वंश’ कुठून आला?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा महाराष्ट्राच्या समाजरचनेवरचा लेख वाचला. बाकी लेखाबद्दल समासात लिहिलंच आहे. हे पत्र फक्त तिसऱ्या परिच्छेदासाठी आहे, कारण तो समासात मावत नाही. तू लिहिलं आहेस: “महाराष्ट्रातील मराठा-कुणबी समाज शक-द्रविड वंशाचा, ब्राह्मण आर्यवंशीय, तर गोंड, भिल्ल, कोरकू हे प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड वंशाचे आहेत. अलीकडे शहरांत मंगोलवंशीय कामगारही दिसू लागले आहेत.”

दोन वाक्यांत चार शिक्के. यातला एकही तू स्वतः तपासलेला नाहीस, आणि त्यात तुझा फारसा दोष नाही. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही जाड पुस्तकात हे असंच छापलेलं सापडतं. पण ते तिथे कसं पोहोचलं ते एकदा नीट बघ, म्हणजे पुढे पेन आपोआप अडखळेल.

‘शक-द्रविड’ हा शब्द हर्बर्ट रिस्ले यांचा. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या माणसांचे सात शारीरिक प्रकार पाडले: तुर्क-इराणी, इंडो-आर्य, शक-द्रविड, आर्य-द्रविड, मंगोल-द्रविड, मंगोलॉइड आणि द्रविड. आधार होता डोक्याच्या आणि नाकाच्या मोजमापांचा. गंमत अशी की त्यांच्या शक-द्रविड गटात कुणबी होते, कुर्गचे कोडव होते आणि मराठी ब्राह्मणही होते. म्हणजे तुझं वाक्य ज्याच्यावर उभं आहे, त्या रिस्ले यांनाही ते मान्य झालं नसतं. बोलीत येता येता वर्गीकरणाला आपल्याकडचा जातीचा हिशेब चिकटला, ब्राह्मण ‘आर्य’ झाले आणि बाकीचे उरले.

आता मोजमाप बघू. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभरने गुणायचं, की नासिकांक मिळतो. ७० च्या खाली ‘अरुंद’, ७० ते ८५ ‘मध्यम’, त्यावर ‘रुंद’. समज, एकाच्या नाकाची रुंदी ३५ मिलिमीटर आणि उंची ५०. अंक आला ७०, बरोबर सीमेवर. मोजणाऱ्याने उंची ४८ धरली तर ७२.९, म्हणजे मध्यम. ५२ धरली तर ६७.३, म्हणजे अरुंद. आणि उंचीत दोन मिलिमीटरची चूक होणं अगदी सोपं आहे. उंची मोजायची ती नाकाच्या मुळापासून. कवटीवर हे मूळ हाडांच्या सांध्यावर स्पष्ट दिसतं, पण जिवंत माणसाच्या कातडीखाली ते बोटाने चाचपून ठरवावं लागतं. दोन मोजणारे कॅलिपर घेऊन बसले तर एकाच माणसाला दोन खाने मिळू शकतात. शिवाय उत्तर हिंदुस्थानातल्या रिस्ले यांच्या पहिल्या मोठ्या पाहणीत सुमारे ६,००० माणसं होती आणि ती ८९ जाती-जमातींत वाटलेली होती. भागाकार कर. जातीमागे सरासरी सत्तरही येत नाहीत.

त्यातही नाकाच्या रुंदीचा संबंध हवामानाशी लागतो. थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्येच दाखवलं की उष्ण आणि दमट प्रदेशांत सरासरी नासिकांक वाढतो, थंड-कोरड्यात घटतो. डोक्याच्या आकाराचंही तसंच. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधले स्थलांतरित आणि त्यांची मुलं अशा सुमारे १८,००० जणांची मोजमापं घेतली आणि १९१२ मध्ये मांडलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचं डोकं आईबापांपेक्षा वेगळ्या घडणीचं होतं. बदल नेमका किती, यावर पुढे वाद झाला. पण डोकं हा पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारा दाखला आहे, हे गृहीतक तिथून डळमळलं ते डळमळलंच. आपल्या घरांत बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात, ती डोकं गोल व्हावं म्हणूनच ना?

आणि रिस्ले यांच्या ‘शकां’चा पुरावा हाच होता. पश्चिम भारतात डोकी रुंद दिसली, उत्तरेत तशी दिसली नाहीत. मग रुंद डोक्याचे लोक बाहेरून आले असणार, आणि इतिहासात शक आलेले आहेतच. शक खरोखरच आले होते, त्याबद्दल वाद नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रप नहपानाच्या जावयाचे शिलालेख आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. पण एवढ्यावरून सिद्ध होतं ते इतकंच की नाशिकच्या परिसरात शक क्षत्रपांची सत्ता होती. त्यांनी अख्ख्या देशाच्या डोक्यांचा आकार बदलला, हे कुठल्याच नाण्यावर लिहिलेलं नाही. म्हणून ‘पश्चिम क्षत्रपांची सत्ता’ असं खुशाल लिही, ‘शक-द्रविड वंश’ मात्र लिहू नकोस.

रिस्ले यांचं म्हणणं होतं की जातीची पायरी जितकी वर, तितकं नाक अरुंद. मुंबई विद्यापीठाच्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तेच आकडे प्रांतवार लावून पाहिले. तो क्रम संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, बराचसा जुळला. इतरत्र जुळला नाही. १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नासिकांकाचेच तक्ते समोर ठेवून विचारलं की, मग ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरतात कुठे? म्हणजे हे वर्गीकरण मोडलं ते त्याच्याच आकड्यांनी, आणि तेही पाऊणशे वर्षांपूर्वी.

तरी ते टिकलं कसं? एक कारण परीक्षा. सात प्रकार पाठ करायला सोपे, चार पर्यायांत बसायला त्याहून सोपे. १९३१ च्या जनगणनेसाठी बी. एस. गुहा यांनी नवी मोजमापं घेऊन सहा मुख्य प्रकार मांडले, तेही त्याच वाटेने पुस्तकांत आले. ‘प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड’ तुला तिथूनच मिळालं. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरवताना ‘गुहा यांच्या मते’ हे शब्द गळतात, ‘होते’चं ‘आहे’ होतं, आणि मत हे वस्तुस्थिती म्हणून छापलं जातं. ही गळती ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यात कोणी, केव्हा हे नसतं आणि क्रियापद वर्तमानकाळी असतं. दुसरं कारण भाषेचं. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं नातं सांगितलं, कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्रविड भाषांचं व्याकरण लिहिलं. दोन्ही गोष्टी भाषांबद्दलच्या होत्या. पुढे त्याच नावांनी माणसांचं रक्त मोजलं जाऊ लागलं. मॅक्सम्युलर यांनी १८८८ मध्ये बजावलं होतं की ‘आर्य रक्त’ म्हणणारा हा ‘लांब डोक्याचा शब्दकोश’ म्हणणाऱ्याइतकाच चुकतो. ऐकलं कुणी? तिसरं कारण सांगायला जरा अवघड जातं. पूर्वज उंच, गोरे, घारे आणि बाहेरून आलेले असणं अनेक घरांना आवडतं.

आता तुझी वाक्यं दुरुस्त करू. प्रत्येक शिक्क्यापाशी थांब आणि विचार: इथे मला खरं काय सांगायचं आहे? भाषा, ठिकाण, काळ, की नुसता चेहरा?

गोंड, भिल्ल, कोरकू घे. तिघांना एका ‘वंशात’ घातल्याने तू एक चांगली माहिती पुसून टाकलीस. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा आहे. भिली इंडो-आर्य. मेळघाटातली कोरकू मुंडा भाषांपैकी, म्हणजे संताळी-मुंडारीची नातलग. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, तिचं नातं अजून कुठल्याच कुळाशी सिद्ध झालेलं नाही. ‘आदिवासी समाजांत किमान तीन भाषाकुळं आणि एक एकाकी भाषा आढळते’ हे वाक्य तपासता येतं. वंशाचं वाक्य तपासायला कॅलिपर काढावा लागेल आणि तरी ते तपासलं जाणार नाही. ‘इंडो-आर्य’ आणि ‘द्रविड’ हे शब्द भाषांसाठी बिनधास्त वापर. तमिळनाडूतल्या राजकीय चळवळीसाठीही ‘द्रविड’ योग्य, तिथे लोकांनी ते नाव स्वतः घेतलं आहे.

मंगोलवंशीय कामगारांचं वाक्य तर चेहऱ्याबद्दलच आहे. ते कामगार मणिपूरचे आहेत, दार्जिलिंगचे की नेपाळचे? विचार आणि तेच लिही. माहीत नसेल तर ‘ईशान्येकडील राज्यांतून आलेले’ एवढंही खात्रीशिवाय लिहू नकोस. या शब्दाचा एक जुना वापर वैद्यकातही होता. आज ‘डाउन सिंड्रोम’ म्हणतात त्या जन्मजात स्थितीचं वर्णन ब्रिटिश डॉक्टर डाउन यांनी १८६६ मध्ये केलं आणि तिला चेहऱ्याच्या ठेवणीवरून ‘मंगोल’ नाव पडलं. १९६१ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ते सोडायला सांगितलं आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडलं.

जनुकशास्त्राचा हवाला देऊन जुनंच नव्याने लिहिण्याचा मोह होईल, तो आवर. २००९ पासूनच्या अभ्यासांत दिसतं की भारतातल्या जवळजवळ सगळ्या समूहांत जुन्या दोन-तीन स्रोतांची सरमिसळ आहे, फक्त प्रमाण कमी-जास्त. त्यांच्या अंदाजाने ही सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात होती, नंतर गटांतर्गत लग्नांमुळे मंदावली. हा उतार आहे, कप्पे नाहीत. ‘अमुक जात म्हणजे स्टेपच्या गवताळ प्रदेशातून आलेल्यांचे वंशज’ असं लिहिलंस तर रिस्लेच नव्या छपाईत निघाले म्हणायचे.

एक मात्र सांभाळ. जुन्या कागदातला शब्द बदलू नकोस. उतारा घ्यायचा तर ‘रिस्ले यांनी १९०१ च्या जनगणनेसाठी “शक-द्रविड” म्हटलेला गट’ असं, नाव, साल आणि अवतरणचिन्हांसह घे. संविधानाच्या कलम १५ मध्ये ‘वंश’ आहे, तिथे तो तसाच हवा, कारण वंशावरून होणारा भेदभाव खरा आहे. परीक्षेत प्रश्न आला तर ‘गुहा यांच्या वर्गीकरणानुसार’ लिहून उत्तर दे, गुण जाणार नाहीत.

तिसरा परिच्छेद मी असा वाचायला तयार आहे: “१९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी कुणबी आणि मराठी ब्राह्मण या दोघांनाही एकाच शारीरिक प्रकारात घातलं, पुढच्या अभ्यासकांनी ही पद्धत नाकारली. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत गोंडी, भिली आणि कोरकू या तीन वेगळ्या कुळांतल्या भाषा बोलल्या जातात.” कामगारांचं वाक्य माहिती मिळेपर्यंत काढून टाक.

आणि पान सहावरच्या नकाशाची सूचीही बघ. तिथे रंगांपुढे अजून ‘आर्य’, ‘द्रविड’, ‘मिश्र’ असंच आहे. मजकूर दुरुस्त होतो आणि सूची, चित्राखालच्या ओळी, शेवटचा शब्दार्थ यांत हे शब्द तसेच राहून जातात. नकाशा भाषांचा करणार असशील तर रंग तेच ठेव, नावं बदल, आणि निहालीसाठी बुलढाण्यात एक वेगळा ठिपका दे.

तुझा,
मार्गदर्शक